किराणा दुकानाचा रोजचा हिशेब: रोजमेळ, उधारीची वही आणि महिन्याची पडताळणी

सासऱ्यांच्या तब्येतीमुळे आमच्या किराणा दुकानाचा गल्ला माझ्याकडे आला, तेव्हा हिशेबाचं माझं शिक्षण शून्य होतं. पुढे जे शिकले ते अर्धं सासऱ्यांच्या जुन्या वह्यांतून आणि अर्धं आमच्या कर सल्लागारांना विचारून. नव्याने दुकान टाकणाऱ्यांना किंवा घरच्यांकडून दुकान हाती घेणाऱ्यांना सरळ पायवाट मिळावी म्हणून हे लिहिते आहे. उदाहरणातलं दुकान रोज साधारण दहा हजारांची विक्री करणारं आहे. गिऱ्हाईक चार-पाच रुपयांच्या पुडीपासून महिन्याच्या वाणसामानापर्यंत सगळं नेतं, आणि प्रत्येक विक्रीचं बिल फाडणं शक्य नसतं. तुमच्याकडे बिलिंग मशीन असेल तर काही पायऱ्या सोप्या होतील, पण रोकड मोजण्याची पायरी तरीही करावीच लागेल.

आधी एवढं जवळ ठेवा

- रोजमेळासाठी एक लांब, पक्क्या बांधणीची वही. सुट्या कागदांची नको. पहिल्याच दिवशी सगळ्या पानांवर क्रमांक टाका.
- उधारीसाठी दुसरी वही, दर गिऱ्हाइकाला एक पान. पुढच्या दोन पानांवर नावांची अनुक्रमणिका.
- एजन्सीच्या देण्यांसाठी एक छोटी वही आणि बिलांची फाईल.
- गल्ल्यात ठेवायला चिठ्ठ्यांचं पॅड, पेन, कॅल्क्युलेटर.
- दुकानासाठी वेगळं बँक खातं, आणि क्यूआर कोड त्याच खात्याला जोडलेला.

शेवटचा मुद्दा पुष्कळ जण सोडून देतात. घरच्याच खात्यावर क्यूआर असेल तर भावाने पाठवलेले पैसे, गॅस सिलिंडरची सबसिडी आणि दुकानाची विक्री एकाच यादीत येतात आणि रोज रात्री निवडत बसावं लागतं.

पायरी १: सकाळी शिल्लक लिहूनच शटर वर करा

रोजमेळाचं पान मधोमध विभागा. डावीकडे जमा, म्हणजे रोख आत आली ती. उजवीकडे नावे, म्हणजे रोख बाहेर गेली ती. डावीकडची पहिली ओळ कायम एकच: 'आरंभीची शिल्लक'. काल रात्रीचा आकडा बघून तो तसाच उतरवू नका, गल्ला उघडून मोजा. काल रात्रीच्या आणि आज सकाळच्या आकड्यात फरक निघाला तर तो रात्रीत झालेला आहे, हे लगेच कळतं. दुपारी लक्षात आला तर काहीच सांगता येत नाही.

रोजमेळात फक्त रोख लिहायची. यूपीआय आणि उधारी इथे घुसवली की पान कधीच जुळत नाही. त्यांची नोंद पानाच्या तळाशी वेगळी करायची, ती पुढे येईलच.

पायरी २: गल्ल्यातून पैसे काढले की चिठ्ठी आत टाका

आमच्याकडे हा नियम घरातल्या सगळ्यांना लागू आहे. हमालाला ८० रुपये दिले, चिठ्ठी. चहावाल्याला ६० दिले, चिठ्ठी. मुलाच्या वह्यांसाठी ५०० घेतले, चिठ्ठी. चिठ्ठीवर रक्कम, कशासाठी आणि कोणी घेतले एवढंच. गर्दीच्या वेळी वही काढून लिहायला कोणालाच सवड नसते, पण नोटा काढताना त्या जागी चिठ्ठी टाकायला क्षणही लागत नाही. रात्री चिठ्ठ्या वहीत उतरवून त्या दिवसाच्या पानाला टाचून ठेवा.

घरासाठी घेतलेल्या पैशांना खर्च म्हणू नका, त्याला 'उचल' लिहा. दुकानाचं भाडं, वीजबिल, हमाली हा दुकानाचा खर्च. घरची भाजी आणि शाळेची फी ही मालकाची उचल. दोन्ही एकत्र लिहिलं की महिन्याअखेर दुकान तोट्यात दिसतं, आणि खरा प्रश्न घरखर्चाचा होता हे कळतच नाही. उलट, सुटे कमी पडले म्हणून घरून हजार रुपये आणून गल्ल्यात टाकलेत तर डावीकडे 'घरून जमा' लिहा. नाहीतर ते हजार रात्री विक्रीत धरले जातील.

हाच नियम मालालाही. दुकानातून घरी तेलाची पिशवी गेली की वहीच्या मागच्या पानावर 'घरी नेलेला माल' म्हणून खरेदीच्या भावाने लिहा. याचा उपयोग पायरी ६ मध्ये आहे.

पायरी ३: रात्री रोकड मोजा आणि विक्री उलटी काढा

सगळ्या हिशेबाचा कणा ही पायरी आहे, म्हणून एका शनिवारचं पान पूर्ण उलगडून दाखवते.

सकाळची शिल्लक २,००० रुपये होती. आदल्या दिवशीची जास्तीची रक्कम बँकेत भरलेली होती. दिवसभरात एका गिऱ्हाइकाने जुन्या उधारीपैकी १,२०० रोख दिले. गल्ल्यातून गेले ते असे: दूध एजन्सीला १,४५०, बिस्किटांच्या एजन्सीला मागच्या बिलाचे २,३००, हमाली ८०, चहा ६०, घरची उचल ५००. एकूण ४,३९०.

रात्री शटर अर्धं खाली घेऊन नोटा मोजल्या. मोजताना एक सवय लावून घ्या: पाचशेच्या, दोनशेच्या, शंभरच्या, पन्नासच्या अशा गड्ड्या वेगळ्या करून प्रत्येक नोटेची संख्या पानाच्या कोपऱ्यात लिहा, मग चिल्लर. नुसता एकूण आकडा लिहिला तर दुसऱ्या दिवशी चूक शोधायला धागाच राहत नाही. त्या रात्री हातात निघाले ४,८६० रुपये.

आता दिवसभराची रोख विक्री किती? लिहून तर काही ठेवलेली नाही. ती अशी निघते:

रात्रीची रोकड ४,८६० + बाहेर गेलेली रोख ४,३९० = ९,२५०
त्यातून सकाळची शिल्लक २,००० आणि वसुली १,२०० वजा = ६,०५०

६,०५० ही रोख विक्री. ती डावीकडे लिहिली की पान पूर्ण होतं:

जमा: आरंभीची शिल्लक २,०००, उधारी वसुली १,२००, रोख विक्री ६,०५०. एकूण ९,२५०.
नावे: दूध १,४५०, बिस्किट एजन्सी २,३००, हमाली ८०, चहा ६०, उचल ५००, अखेरची शिल्लक ४,८६०. एकूण ९,२५०.

दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली. अखेरची शिल्लक हीच उद्याची आरंभीची शिल्लक. दुसऱ्या दिवशी त्यातले २,८६० बँकेत भरले की उजवीकडे 'बँकेत भरणा' लिहायचा, कारण ती रोख गल्ल्यातून गेली, खर्च मात्र झालेली नाही.

या पद्धतीची मर्यादा नीट समजून घ्या. विक्रीचा आकडा तुम्ही रोकडीवरूनच काढला, त्यामुळे दोन्ही बाजू जुळणारच. पान जुळलं म्हणजे पैसे पूर्ण आहेत असं होत नाही. कोणी २०० रुपये चिठ्ठीविना काढले तर पान जुळेल आणि विक्री मात्र २०० ने कमी दिसेल. चोरी, विसरलेला खर्च, गिऱ्हाइकाला जादा दिलेले सुटे, सगळं 'विक्री कमी झाली' या नावाखाली लपतं. म्हणून महिन्यातून एखादा दिवस असा ठरवा की प्रत्येक रोख विक्री, अगदी दोन रुपयांचं चॉकलेटसुद्धा, पॅडवर लिहायची, आणि रात्री पॅडची बेरीज उलट्या काढलेल्या विक्रीशी ताडायची. नोकर ठेवला असेल तर हे त्याला सांगूनच करा. आपल्याला पद्धतीतली गळती शोधायची असते, माणसाला पकडायचं नसतं.

पायरी ४: यूपीआय आणि उधारी तळाला, मग दिवसाची खरी विक्री

त्याच शनिवारी क्यूआरवर ३,७४० रुपये आले. ॲपमध्ये दिवसाची बेरीज मिळते, पण ती सरळ विक्रीत धरू नका. त्यातले ६०० जुन्या उधारीचे होते. म्हणजे यूपीआयची विक्री ३,१४०. शिवाय दिवसभरात ९१० रुपयांचा माल उधारीवर गेला.

दिवसाची विक्री: रोख ६,०५० + यूपीआय ३,१४० + उधारी ९१० = १०,१००

नवीन माणूस सर्वांत जास्त इथेच अडकतो. माल ज्या दिवशी दुकानातून गेला त्या दिवशी विक्री झाली. पैसे नंतर आले तर ती वसुली, नवी विक्री नव्हे. उधारी देताना आणि पैसे येताना अशी दोनदा विक्री धरली तर वर्षाची उलाढाल फुगते, आणि याचे परिणाम कागदोपत्री भोगावे लागतात. रोज १०,००० म्हणजे वर्षाला साधारण ३६ लाख. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीसाठी ४० लाखांची मर्यादा आहे, आणि तिच्यात सुटं धान्य, दूध असा करमाफ मालही मोजला जातो. तुम्ही या रेषेच्या इतक्या जवळ असाल तर आकडा खरा हवा, फुगलेला नको आणि आटलेलाही नको.

रोख आणि यूपीआय वेगळं लिहिण्याचा आणखी एक उपयोग प्राप्तिकरात होतो. लहान व्यापाऱ्याला अंदाजित नफ्यावर कर भरण्याची सोय आहे. तिथे बँकेमार्फत आलेल्या विक्रीवर किमान ६ टक्के आणि बाकीच्या विक्रीवर किमान ८ टक्के नफा धरला जातो. वर्षअखेरीला दोन्ही रकाने तयार असतील तर सल्लागाराचं काम पाच मिनिटांचं होतं.

क्यूआरच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळा. एक, काही कंपन्या पैसे लगेच खात्यात न टाकता दुसऱ्या दिवशी एकरकमी टाकतात, आणि साउंडबॉक्सचं भाडं त्यातूनच कापतात. तेव्हा रोज ॲपवरची बेरीज लिहा आणि आठवड्यातून एकदा बँकेच्या स्टेटमेंटशी मेळ घाला. कापलेलं भाडं खर्चात लिहा. दोन, गर्दीत कोणी मोबाईलवर 'पेमेंट झालं' असं चित्र दाखवतं. साउंडबॉक्स बोलला नसेल तर स्वतःच्या ॲपमध्ये बघितल्याशिवाय माल हातात देऊ नका.

पायरी ५: उधारीच्या वहीचा रोज ताळा पाहा

प्रत्येक पानावर रकाने: तारीख, माल, नावे, जमा, बाकी, सही. बाकी दर ओळीला लिहा, महिन्याअखेर बेरीज करायला ठेवू नका. 'किराणा ३४०' असं लिहू नका. 'तूरडाळ, साखर, साबण' असं लिहा. महिन्याने गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, हे आम्ही नेलंच नाही," तेव्हा मालाचं नाव वाचून दाखवलं की त्यांना बहुतेक वेळा आठवतं.

सही घ्यायला संकोच वाटतो, विशेषतः शेजारच्या काकूंकडून. आम्ही हा प्रश्न असा सोडवला की दर महिन्याच्या एक तारखेला बाकी वाचून दाखवायची आणि 'बाकी मान्य' लिहून तिथेच एक सही घ्यायची. ओळीओळीला नाही घेतली तरी चालतं. या सहीला कायद्यातही वजन आहे. विकलेल्या मालाच्या पैशांसाठी दावा करायची मुदत साधारण ३ वर्षांची असते, आणि ती संपण्याआधी देणेकऱ्याने सही करून बाकी मान्य केली तर मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते. शिवाय धंद्याच्या रोजच्या रिवाजाने लिहिलेली वही कोर्टात पुरावा म्हणून चालते, पण नुसत्या वहीवर कोणावर देणं बसवता येत नाही, जोडीला आणखी पुरावा लागतो. किराण्याच्या उधारीसाठी कोर्टापर्यंत सहसा कोणी जात नाही. तरीही सही असली की तोंडातोंडीचा वाद तिथल्या तिथे मिटतो.

आता रोजची पडताळणी. वहीच्या पहिल्या पानावर एकूण उधारीचा आकडा चालू ठेवा. शुक्रवारी रात्री एकूण उधारी १८,४०० होती. शनिवारी ९१० ची नवी उधारी गेली, वसुली रोख १,२०० आणि यूपीआय ६००, म्हणजे १,८०० आली. शनिवारी रात्री ती १७,५१० व्हायला हवी. आठवड्यातून एकदा सगळ्या पानांवरच्या बाक्यांची बेरीज करा. तीही १७,५१० च यायला हवी.

नाही आली तर फरकाकडे बघा, तो बरंच सांगतो. फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल तर आकडे उलटे पडल्याची शक्यता मोठी, जसं ४५० ऐवजी ५४० लिहिलं तर फरक ९० चा येतो. फरकाची निम्मी रक्कम एखाद्या नोंदीशी जुळत असेल तर ती जमेऐवजी नावे पडली आहे. ६०० ची वसुली नावे लिहिली गेली तर बाकी १,२०० ने जास्त दिसते. फरक एखाद्या नोंदीएवढाच असेल तर ती नोंद एका वहीत झाली आणि दुसरीत राहिली.

खोडाखोड करू नका, पांढरी शाई तर नकोच. चुकलेल्या आकड्यावर एक रेघ मारा, शेजारी बरोबर आकडा लिहा आणि छोटी सही करा. खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे.

एजन्सीच्या वहीबद्दल

हिची पद्धत उधारीसारखीच आहे, फक्त देणं आपलं असतं. माल आला की बिलावरचे नग मोजून मगच सही करा, योजनेतले फुकट नगसुद्धा. सेल्समनला रोख दिली तर त्याच बिलावर 'रोख मिळाले', तारीख आणि त्याची सही घ्या. मुदत संपलेला किंवा फुटलेला माल परत देताना 'पुढच्या बिलात वळता करतो' या शब्दावर थांबू नका, क्रेडिट नोट किंवा निदान परत नेलेल्या नगांची सहीची चिठ्ठी मागा. सेल्समन बदलला की तोंडी कबुली त्याच्याबरोबर जाते.

पायरी ६: महिन्यातून एकदा माल मोजा

पायरी ३ मध्ये राहिलेलं भोक इथे बुजतं. महिन्याच्या शेवटच्या रात्री दुकानातला माल खरेदीच्या भावाने मोजा. सुटं धान्य पोत्याच्या वजनाने धरा, थोडं इकडेतिकडे चालेल, पण दर महिन्याला पद्धत तीच ठेवा.

एका महिन्याचे आकडे घेऊ. सुरुवातीचा माल २,४०,००० चा, महिन्याची खरेदी २,७०,०००, शेवटी शिल्लक माल २,५२,०००. म्हणजे दुकानातून गेलेला माल खरेदीच्या भावाने २,५८,००० चा. त्यातला ४,००० चा घरी नेला, तो मागच्या पानावर लिहिलेला आहेच. उरला २,५४,००० चा, तो विकला गेला. रोजमेळावरून महिन्याची विक्री २,९५,०००. ढोबळ नफा ४१,०००, म्हणजे विक्रीच्या जवळपास १४ टक्के. यातून भाडं, वीज, हमाली जायची आहे.

समजा, रोज सरासरी ४०० रुपये गल्ल्यातून नोंदीविना जात असते. रोजमेळ रोज जुळला असता, पण विक्री २,८३,००० दिसली असती, ढोबळ नफा २९,०००, म्हणजे सव्वादहा टक्के. एरवी १४ च्या आसपास राहणारा आकडा अचानक दहावर आला की शोध सुरू करायचा: चिठ्ठीविना उचल, न लिहिलेली उधारी, घरी गेलेला माल, एखाद्या एजन्सीचे कमी आलेले नग, उंदीर-घुशीने केलेली नासाडी, की भाव वाढूनही जुन्याच दराने केलेली विक्री.

तुमच्या दुकानाचा नेहमीचा टक्का किती, हे पहिले तीन-चार महिने मोजल्यावरच ठरेल. साखर-तेल जास्त विकणाऱ्याचा कमी असतो, बिस्किटं, मसाले, साबण यांत थोडा बरा सुटतो. शेजारच्या दुकानाशी तुलना करू नका, आपल्याच मागच्या महिन्याशी करा. सणाच्या महिन्यात साखर-तेलाचा खप वाढून टक्का आपोआप उतरतो, तेव्हा मागच्या वर्षीचा तोच महिना बघा.

पायरी ७: ३१ मार्चला वही बंद करताना

वहीपूजन आपण दिवाळीत करतो, पण कराचं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च असतं. नवी वही दिवाळीला सुरू केलीत तरी ३१ मार्चच्या रात्री एक रेघ मारून चार आकडे लिहून ठेवा: हातातली रोकड, बँकेतली शिल्लक, गिऱ्हाइकांकडून येणं, एजन्सींचं देणं. त्याच रात्री माल मोजा आणि यादीवर तारीख टाका. दोन दिवसांनी मोजला तर मधली विक्री आणि खरेदी वजा-अधिक करत बसावं लागतं. सल्लागाराकडे जाताना रोजमेळ, बारा महिन्यांच्या विक्रीचा रोख, यूपीआय आणि उधारी असा तक्ता, खरेदीची बिलं, बँकेचं स्टेटमेंट आणि ही यादी न्या. जुन्या वह्या आणि बिलं निदान सहा-सात वर्षं टाकू नका. त्या खालच्या फळीवर ठेवल्या तर ओल लागते, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरच्या माळ्यावर ठेवा.